‘कोणतेही पाच’ म्हणजे एकवीस पेपर

नीटच्या पेपरातला ऑप्शन २०२५ मध्ये गेला. २०२१ ते २०२४ अशी चार वर्षे प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागात पंधरा प्रश्न येत आणि त्यांतले कोणतेही दहा सोडवायचे असत. करोनाकाळात दिलेली ती मोकळीक परीक्षा घेणाऱ्या एनटीएने काढून घेतली; दोनशेऐवजी १८० प्रश्न आले आणि सगळे सक्तीचे झाले. जेईई मेनच्या आकडी उत्तरांच्या विभागातही दहापैकी पाच जाऊन पाचच्या पाच आले. तेव्हापासून पालकांच्या गटांत, स्टाफरूममध्ये आणि क्लासच्या जिन्यांवर एक वाद धुमसतो आहे आणि दर फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षांच्या तोंडावर त्याला पुन्हा ऊत येतो. एक बाजू म्हणते, ऑप्शनने पोरे बिघडवली; धडेच्या धडे ‘ऑप्शनला टाकून’ नव्वद टक्के आणतात. दुसरी म्हणते, पोरांच्या डोक्यावर ताण काय कमी आहे? दोन प्रश्न सोडायची मुभा दिली तर कोणाचे काय बिघडले?

दोन्ही बाजू मुलांबद्दल बोलताहेत, एक आळसाबद्दल आणि दुसरी ताणाबद्दल. पेपराबद्दल कोणी बोलतच नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘सातांपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा’ असे छापलेल्या पेपरात आपले सर्वांत भक्कम पाच हेरून त्यांवर गुणांचे गणित बांधणाऱ्या विद्यार्थ्याचे काहीही चुकत नाही. पेपराने जे मागितले तेच तो देतो. चूक त्या पद्धतीची आहे, जी सगळ्या घटकांतून मोकळी निवड करू देते आणि नंतर वेगवेगळे प्रश्न सोडवलेल्यांचे गुण एकाच यादीत वरखाली लावते. निवड द्यायची तर ती घटकाच्या आत द्या. ‘कोणतेही पाच’ ही सूचना गणित, विज्ञान आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पेपरांवरून हळूहळू पण नक्की जायला हवी.

सातांतून पाच निवडण्याचे एकवीस मार्ग आहेत. म्हणजे एकाच वर्गात, एकाच वेळी, एकवीस वेगवेगळे पेपर चालू असू शकतात. आता आपल्या बारावीच्या गणिताकडे पाहा. अ विभाग वीस गुणांचा, सक्तीचा. ब विभागात दोन गुणांचे बारा प्रश्न, सोडवायचे आठ. क विभागात तीन गुणांचे बारा, सोडवायचे आठ. ड विभागात चार गुणांचे आठ, सोडवायचे पाच. छापलेले गुण ११२, मोजायचे ८०. बारांतून आठ निवडण्याचे ४९५ मार्ग, तेही दोनदा, आणि आठांतून पाच निवडण्याचे ५६. गुणाकार केला तर एक कोटी सदतीस लाखांहून जास्त पेपर होतात. हा आकडा थोडा नाटकी आहे, हे मान्य. त्यांतले बहुसंख्य पेपर एकमेकांसारखेच असणार आणि एखाददुसऱ्या प्रश्नाच्या फरकाने आकाश कोसळत नाही. पण सातांपैकी पाच, प्रत्येकी वीस गुण, अशा पेपरात एका प्रश्नाची अदलाबदल म्हणजे शंभरातल्या वीस गुणांची अदलाबदल असते. तिथे हा फरक नाटकी राहत नाही.

दोन विद्यार्थिनी घेऊ. अभ्यासक्रमात सात घटक, प्रत्येकावर एक प्रश्न, वीस गुणांचा. पहिलीने सातही घटक सारखे केले आहेत. कोणताही प्रश्न दिला तरी ती चौदा गुण मिळवते. दुसरीने पाच घटक घोटून केले आणि दोन जवळपास सोडून दिले. तिचे गुण सतरा, सतरा, सोळा, सोळा, चौदा आणि उरलेल्या दोहोंत चार-चार. ‘कोणतेही पाच’ म्हटले की पहिलीला सत्तर, दुसरीला ऐंशी. सातही प्रश्न सक्तीचे केले तर पहिलीला १४० पैकी ९८, म्हणजे सत्तर टक्के. दुसरीला ८८, म्हणजे त्रेसष्ट टक्क्यांच्या आतच. क्रम उलटला. दोघींच्या डोक्यात जे होते त्यात तसूभर फरक पडलेला नाही, फक्त पेपरावरची सूचना बदलली. आणि लक्षात घ्या, ऑप्शनमुळे पहिलीला एकही गुण जास्त मिळाला नाही. ज्याची तयारी सपाट आहे त्याला निवडीतून काहीच मिळत नाही. ज्याची तयारी खाचखळग्यांची आहे त्याचेच खळगे झाकले जातात. म्हणजे ही सवलत सर्वांना सारखी वाटलेली नाही. असमान तयारीला दिलेले ते बक्षीस आहे, आणि बारावीत आलेल्या चाणाक्ष पोरांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता ती पोरे हे बक्षीस कसे खर्च करतात ते पाहू, कारण ‘आळस’वाल्यांना वाटते तितके ते सोपे नसते. क्लासच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर प्रकरणवार तक्ता असतो, ‘गुण’ आणि ‘विकल्पासह गुण’ असे दोन रकाने. बारावीच्या गणितात पंधरा प्रकरणे. समजा, एकीने जूनमध्येच ठरवले की व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन आणि शेवटची दोन, प्रॉबॅबिलिटी आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन, ऑप्शनला टाकायची. ब विभागात चार प्रश्नांची सूट, म्हणजे आठ गुण. क मध्ये चार प्रश्न, बारा गुण. ड मध्ये तीन, बारा गुण. एकूण ३२ गुणांची सूट. ती चार प्रकरणे ३२ च्या आत बसली की झाले, असा तिचा हिशेब.

पेपर आला आणि त्या चार प्रकरणांवर ब मध्ये तीन, क मध्ये चार, ड मध्ये दोन प्रश्न निघाले, तर ते २६ गुणांचे होतात आणि सक्तीचा अ विभाग बाजूला ठेवला तर ती अजूनही साठपैकी साठ मिळवू शकते. पण क विभागात आता तिच्यासाठी आठच प्रश्न उरले आणि आठच सोडवायचे आहेत. त्यांत एखादे वाकडे इंटिग्रेशन असले तर ते टाळता येणार नाही. दुसऱ्या वर्षी तीच प्रकरणे ब मध्ये दोन, क मध्ये तीन आणि ड मध्ये चार अशी विखुरली, तर बेरीज २९, म्हणजे ३२ च्या आतच. तरीही ड विभागात तिला सोडवता येण्याजोगे चारच प्रश्न राहतात, लागतात पाच. चार गुण बसल्या जागी गेले, कारण सूट विभागवार असते आणि ब मधली उरलेली सूट ड मध्ये वापरता येत नाही. मुळात ऑप्शन एकदाच खर्च करता येतो. जूनमध्ये प्रकरण सोडण्यात तो खर्च केला तर फेब्रुवारीत अवघड प्रश्न टाळायला तो शिल्लक नसतो. पंधराही प्रकरणे बेताची करून हॉलमध्ये निवडणाऱ्याच्या हातात तो शाबूत असतो. चांगले शिक्षक हे मुलांना सांगतात. ‘हे प्रकरण सोडा, सुटेल’ असे फळ्यासमोर उभे राहून सांगणारेही भेटतात.

हॉलमधली निवड हेही एक वेगळेच कौशल्य आहे. वीस गुणांच्या प्रश्नात पाच-पाच गुणांची चार उपांगे असतात. एका प्रश्नातली तीन चोख येतात आणि चौथे अजिबात नाही. दुसऱ्यातली चारही अर्धीमुर्धी आठवतात. पहिला प्रश्न पंधरा गुण देतो, दुसरा दहा-बारा. तरीही घाबरलेले मूल दुसऱ्याकडे वळते, कारण तिथे सगळे ‘ओळखीचे’ दिसते. शिवाय एकाला लागणार पंचवीस मिनिटे आणि दुसऱ्याला पस्तीस, हा हिशेब वेगळाच. अमेरिकेत वँग, वेनर आणि थिसेन या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात हे तपासून पाहिले. विद्यार्थ्यांना प्रश्नांच्या जोड्या दाखवल्या, यांतला कोणता सोडवाल ते आधी विचारले आणि मग दोन्ही सोडवायला लावले. ज्या प्रश्नात जास्त गुण मिळाले असते तोच प्रत्येकाने निवडला, असे काही दिसले नाही. ‘निवड दिली की प्रत्येक जण आपले उत्तम तेच दाखवतो’ हे ऑप्शनच्या समर्थनातले पहिले गृहीतक, आणि ते तिथेच डळमळते. आपल्याला काय येते हे ओळखणे हेही ज्ञानच असते, आणि ते कच्च्या विद्यार्थ्यापाशी कमी असते. मग निवडीचा फायदा कोणाकडे जातो? आपल्याकडे तर निवडायला वेळही कमी झाला आहे. बोर्ड पूर्वी पेपर दहा मिनिटे आधी हातात देई. ते २०२३ मध्ये बंद झाले आणि ती दहा मिनिटे शेवटी जोडली गेली. गैरप्रकार रोखायला हे ठीकच, पण आरामात वाचून निवडण्याची दहा मिनिटे घाईने लिहिण्याची दहा मिनिटे झाली, याची चर्चा फारशी झाली नाही.

समोरच्या बाजूचे तीन मुद्दे मात्र खरेच वजनदार आहेत.

पहिला नशिबाचा. पाच-सात मोठे प्रश्न म्हणजे अभ्यासक्रमाचा फार लहान नमुना. सगळे सक्तीचे केले आणि नेमके कच्च्या कोपऱ्यावरचे दोन आले, तर वर्षभर राबलेल्या मुलाचे चाळीस गुण एका दुपारी जातात. ऑप्शन हा धक्का पचवतो. मुद्दा बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. नमुना लहान असेल तर तो मोठा करावा. वीस गुणांचे पाच प्रश्न विचारण्याऐवजी पाच-पाच गुणांचे वीस विचारले, तर दोन वाईट प्रश्नांनी चाळीस नव्हे, दहा गुण जातात, आणि तेही सर्वांचे सारख्याच प्रश्नांवर. एमएचटी-सीईटीच्या गणितात दोन गुणांचे पन्नास प्रश्न असतात, ऑप्शन एकही नाही. त्या पेपरावर इतर आक्षेप ढीगभर घेता येतील, पण ‘माझे नशीब फुटके, नेमके तेच आले’ ही तक्रार तिथे क्वचित ऐकू येते.

दुसरा मुद्दा सखोलतेचा. इतिहासाच्या किंवा मराठी साहित्याच्या पेपरात सर्वांना सर्व थोडेथोडे विचारण्यापेक्षा, प्रत्येकाने आपल्या आवडीचे दोन-तीन विषय खोलात जाऊन लिहावेत, यात गैर काय? काहीच नाही, आणि इथे मी पूर्ण माघार घेतो. एम.ए.च्या पेपरात तपासायची असते ती मांडणी, पुरावा हाताळण्याची रीत, भाषा. ती पेशवाईवर लिहिताना दिसते तशी सत्यशोधक चळवळीवर लिहितानाही दिसते. विषय कोणताही घेतला तरी मोजली जाणारी गोष्ट तीच राहते, म्हणून निवडीला अर्थ राहतो. पण अभियांत्रिकीच्या पेपरात थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम न सोडवणारा आणि हीट एक्स्चेंजर न सोडवणारा, या दोघांत समान असे काय मोजले? औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला डोसची आकडेमोड ‘ऑप्शनला होती’ हे कोणाला चालेल? निवड चालते की नाही हे विषयावरून ठरत नाही. त्या पेपराने काय मोजायचे आहे, त्यावरून ठरते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जड जातो. जिथे गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, जिथे जानेवारी संपला तरी तीन प्रकरणांना हात लागलेला नाही, त्या कॉलेजातल्या मुलाचे काय? ऑप्शन काढला तर न शिकवलेल्याची किंमत तो भरणार. यावर ‘मग शिक्षक नेमा’ असे म्हणणे सोपे आहे आणि ऐकणाऱ्याला संताप आणणारे आहे. नेमणुकीची फाइल फिरेपर्यंत त्या मुलाची बारावी होऊन गेलेली असते. म्हणून हे कबूलच करतो की आजच्या घडीला ऑप्शन त्याला खरोखर वाचवतो. पण तो किती वाचवतो हेही पाहा. त्याची सगळी सूट न शिकवलेल्या प्रकरणांतच जिरते. शहरातले, दोन क्लास लावलेले मूल तीच सूट अवघड प्रश्न टाळायला वापरते. दोघांनाही ३२ गुणांची सूट, पण एक त्यातून खड्डा बुजवतो आणि दुसरा त्यावर मजला चढवतो. दोघांमधले अंतर होते तेवढेच राहते. आणि त्याहून वाईट म्हणजे, न शिकवलेली तीन प्रकरणे निकालात दिसतच नाहीत. मुलाला साठ टक्के मिळतात, कॉलेजचा निकाल चांगला लागतो, शिक्षक नसल्याची ओरड करायला आकडा उरत नाही. अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून ऑप्शन, आणि ऑप्शन आहे म्हणून अभ्यासक्रम पुरा केला नाही तरी चालते, असे हे रहाट आहे. त्यातून बाहेर पडताना शालेय बोर्डाने सर्वांत शेवटी यावे, विद्यापीठांनी आधी, एवढी सवलत मी या मुद्द्याला देतो. पूर्ण शरणागती देत नाही.

पेपर काढणाऱ्यांच्या टेबलावर काय घडते, हे या वादात कधीच येत नाही. मी विद्यापीठाचे पेपर काढले आहेत, इतरांचे पेपर तपासून पाहण्याच्या बैठकांनाही बसलो आहे. आराखड्याचा कागद समोर असतो: घटक, गुण, काठिण्य, प्रश्नप्रकार. अशाच एका बैठकीत एका गणितात दिलेली माहिती अपुरी निघाली. एक गोष्ट गृहीत धरली तर उत्तर येत होते, पण ते गृहीतक मुलांनी कुठून आणायचे? पेपर काढणारे सर शांतपणे म्हणाले, ‘‘असू द्या हो, ऑप्शनलाच आहे तो.’’ कोणी हरकत घेतली नाही. पाकीट बंद करायचे होते, बाहेर चहा आला होता. पण तो प्रश्न ‘ऑप्शनला’ होता म्हणजे काय? सातातला कोणताही प्रश्न कोणाच्या तरी पाचांत असतोच. ज्याने त्याच घटकाचा जास्त अभ्यास केला होता, तोच त्या सापळ्यात सापडणार. सक्तीच्या पेपरात प्रत्येक प्रश्न निर्दोष असावा लागतो, कारण चूक झाली तर सर्वांची होते आणि बोंब होते. ऑप्शनमुळे पेपर काढणाऱ्यालाही सूट मिळते. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न, फार लांबलेला प्रश्न, छपाईत चुकलेला प्रश्न, सगळ्यावर एकच उत्तर तयार: ऑप्शन होता ना?

सातही प्रश्न सारख्याच काठिण्याचे काढावेत, असे कोणी म्हणेल. म्हणणे सोपे आहे. अनुभवी माणसालाही नुसत्या नजरेने प्रश्नाचे काठिण्य नीट सांगता येत नाही. उत्तरपत्रिका हातात आल्यावरच कळते की सोपा समजलेला तिसरा प्रश्न सगळ्यांना झोपवून गेला. बरे, निकालानंतर प्रश्नवार सरासरी काढली तरी तेवढ्याने भागत नाही. सहाव्या प्रश्नाची सरासरी पंधरा आणि तिसऱ्याची नऊ आली, तर तिसरा अवघड होता, की तो कच्च्या मुलांनी निवडला? ज्यांनी तो निवडला नाही त्यांना त्यात किती मिळाले असते, हे कुठेच नोंदलेले नसते. वेनर आणि थिसेन यांनी १९९४ मध्ये परीक्षेतल्या निवडीवर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाचा गाभा हाच आहे. निवड आणि न्याय्य तुलना एकत्र नांदवायची तर अशी गृहीतके धरावी लागतात, जी त्या परीक्षेच्या माहितीवरून तपासताच येत नाहीत.

सूर मारण्याच्या स्पर्धेत खेळाडू आपले सूर स्वतः निवडतो. पण प्रत्येक सुराचा काठिण्यांक आधी जाहीर असतो आणि पंचांचे गुण त्याने गुणले जातात, म्हणून सोपा सूर चोख मारणारा आपोआप पुढे जात नाही. आपण परीक्षेत निवड ठेवली आणि काठिण्यांक मात्र गाळला. हे आपल्याला कळत नव्हते, असेही नाही. लोकसेवा आयोगांच्या परीक्षांतल्या वैकल्पिक विषयांबाबत याच प्रश्नावर वर्षानुवर्षे रण माजले. एकाने गणित घ्यायचे, दुसऱ्याने लोकप्रशासन, आणि गुण एकत्र लावायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संजय सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. एकच पेपर अनेकांनी तपासला, तर परीक्षकांतला फरक मॉडरेशनने काढायचा. उमेदवारांनी वेगवेगळे विषय घेतले असतील, तर ते गुण जसेच्या तसे तुलनेला चालत नाहीत आणि स्केलिंगचा, म्हणजे ते एका समान मापावर आणण्याचा, विचार करावा लागतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला वैकल्पिक विषय २०११ मध्ये गेला. वेगळे विषय घेतले तर गुण सरळ तोलता येत नाहीत, हे सर्वांना पटते. मग एकाच पेपरात वेगळे प्रश्न घेतले तर ते सरळ कसे तोलता येतात? पेपराच्या डोक्यावर एकच नाव छापले आहे, म्हणून?

जुनी उत्तरेही आपल्याकडे आहेत. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले आणि १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग उभा राहिला. पुढे ते काम एनसीईआरटीत गेले. प्रश्नपत्रिकेचा आराखडा ही कल्पना आपल्या शाळांत रुजली ती त्या काळापासून. सीबीएसईच्या आराखड्यांत ‘विकल्पांची योजना’ असा स्वतंत्र मुद्दा असे आणि त्याखाली पहिलेच वाक्य असे की एकूण पेपरात मोकळा विकल्प राहणार नाही, अंतर्गत विकल्प राहील. म्हणजे प्रश्न आणि त्याचा ‘किंवा’, दोन्ही त्याच घटकावर, तेवढ्याच गुणांचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये हेच दिसते. सत्रान्त पेपरात पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, आणि प्रत्येक जोडी एका युनिटवर. तिथे युनिट सोडले तर त्या जोडीचे सतरा-अठरा गुण सरळ गेले; निवड आहे, पण ती युनिट शिकल्यानंतरची. मुंबई विद्यापीठाने वेगळी युक्ती केली. पूर्वी सातांपैकी पाच, त्यांत पहिला सक्तीचा. नंतर ऐंशी गुणांच्या पेपरात पहिला सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले तीन. शिवाय अभ्यासक्रमात अशी अट की पहिला प्रश्न सगळ्या अभ्यासक्रमावर असावा आणि बाकीचे मिश्र असावेत, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा अ भाग तिसऱ्या मॉड्यूलवरचा असेल तर ब भाग दुसऱ्या कुठल्या तरी. यामुळे अख्खे मॉड्यूल सहज टाकता येत नाही. पुण्याची रीत मला जास्त पटते, कारण मिश्र प्रश्नात मूल पुन्हा ‘तीन उपांगे येतात की चार अर्धी’ या जुगारात अडकते. पण दोन्ही रीती ‘कोणतेही पाच’पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहेत.

मोकळा ऑप्शन जाईपर्यंत दोन गोष्टी उद्यापासून करता येतील. पहिली, जास्तीचे उत्तर लिहिले तर काय होणार हे पेपरावरच छापा. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या पेपरावर ते स्वच्छ लिहिलेले असते: उत्तरे ओळीने मोजली जातील आणि काट न मारलेले अर्धवट उत्तरही मोजले जाईल. म्हणजे पाचाऐवजी सहा लिहिली तर सहावे वाया, मग ते सर्वांत चांगले का असेना. मला स्वतःला ‘जास्त गुणांची पाच धरू’ हा नियम बरा वाटतो, कारण निवडीची परीक्षा घ्यायची नसेल तर चुकलेल्या निवडीची शिक्षाही नको. पण नियम कोणताही ठेवा, तो मुलाला हॉलमध्ये दिसला पाहिजे. बऱ्याच पेपरांवर तो नसतोच आणि मग एक परीक्षक पहिली पाच मोजतो, दुसरा सर्वांत चांगली पाच.

दुसरी गोष्ट माहितीची. मुंबई विद्यापीठात २०१७ पासून उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. प्रश्नवार गुण वेगळे भरायला नकोत, ते यंत्रात असतातच. पहिला प्रश्न सर्वांनी सोडवलेला असतो, म्हणून त्याचा तराजूसारखा उपयोग करता येतो. पहिल्या प्रश्नात सारखेच गुण मिळवलेली मुले घ्या आणि त्यांतल्या तिसरा निवडणाऱ्यांना त्यात किती पडले, सहावा निवडणाऱ्यांना त्यात किती, ते पाहा. हे पुरते अचूक मोजमाप नव्हे, पण कोणता प्रश्न सापळा होता ते एवढ्यावरून बऱ्यापैकी कळते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा तक्ता प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळासमोर ठेवायला नवा खर्च नाही, नवी यंत्रणा नाही, आणि पेपर काढणाऱ्याचे नाव जाहीर करण्याचीही गरज नाही.